ओळ पाच, स्तंभ बारा

प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपला कोड दुसऱ्याकडे तपासायला दिला की दोन प्रकारची उत्तरे येऊ शकतात. एक असे : ‘कोड ठीक आहे, पण मोकळ्या जागा नीट सोडलेल्या नाहीत आणि नावे जरा बघ.’ दुसरे असे : ‘ओळ ३, स्वल्पविरामानंतर जागा नाही. ओळ ४, चलाचे नाव `l` आहे, ते १ या अंकासारखे दिसते.’ पहिल्या उत्तरात काही खोटे नसते, पण ते हातात घेऊन काही करता येत नाही. दुसऱ्या उत्तरातले प्रत्येक वाक्य लिहिणारा स्वतः उघडून पाहू शकतो आणि पटले नाही तर खोडूनही काढू शकतो. शैलीच्या नियमांची यादी समोर ठेवून कोडचा तुकडा तपासणे आणि प्रत्येक आढळाची नोंद ओळ-क्रमांकासह परत देणे, हे काम या दुसऱ्या उत्तरासाठी केले जाते. दिसायला ते कारकुनी आहे. मात्र ‘ओळ’ म्हणजे नेमके काय, इथपासूनच त्यात अडचणी सुरू होतात.

इथे शैली म्हणजे कोड चालतो की नाही याच्याशी संबंध नसलेल्या सवयी : ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची, नावे कशी ठेवायची, ओळ किती लांब होऊ द्यायची. संगणकाला यातल्या बहुतेक गोष्टींचे सोयरसुतक नसते. त्या सवयी माणसांसाठी असतात, कारण कोड एकदा लिहिला जातो आणि पुढे अनेक वेळा, बहुधा दुसऱ्याच कोणाकडून, वाचला जातो.

पायथन या भाषेसाठी अशी यादी २००१ सालापासून उपलब्ध आहे. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम आणि बॅरी वॉर्सा यांनी ती लिहायला घेतली. पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांमध्ये तिचा क्रमांक आठवा, म्हणून ती ‘पेप ८’ या नावाने ओळखली जाते. नियम साधे आहेत. आतल्या ओळी चार जागा सोडून सुरू कराव्यात. ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नसावी. बाहेरच्या पातळीवरच्या फंक्शनच्या आधी आणि नंतर दोन ओळी रिकाम्या सोडाव्यात. फंक्शनची नावे लहान लिपीत असावीत आणि शब्द अधोरेषेने जोडावेत. एका `import` ओळीत एकच मॉड्यूल आणावे. ७९ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे जुना वारसा आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रपत्र आणले, पुढे संगणकाचे पडदेही ८० अक्षरांचे झाले, आणि ती मर्यादा सवयीने टिकून राहिली. आज तिच्या बाजूने दिले जाणारे कारण वेगळे आहे : रुंद पडद्यावर दोन फायली शेजारी शेजारी उघडल्या तरी ओळी तुटू नयेत. एखाद्या गटाचे एकमत असेल तर ९९ अक्षरांपर्यंत जाण्याची मुभा खुद्द पेप ८ देते.

तपासणी कशी होते हे एका लहान तुकड्यावरून स्पष्ट होईल. `bill.py` ही फाइल दुधाचे मासिक बिल काढते. रोज दीड लिटर दूध, महिन्याचे दिवस आणि लिटरचा दर. डावीकडचे क्रमांक कोडचा भाग नाहीत. संपादक-प्रणाली दाखवते तसे ते इथे छापले आहेत.

```
 1  import os, math
 2
 3  def dudhBill(divas,dar):
 4      l = divas * 1.5
 5      if dar == None:
 6          return 0
 7      rakkam = math.ceil(l*dar)
 8      sandesh = ("एकूण बिल रुपये "
 9                 + str(rakkam) )
10      return rakkam
11
12  print(dudhBill(30,62))
```

हा कोड चालतो. तीस दिवसांचे ४५ लिटर, दर ६२ रुपये, उत्तर २७९०. त्यामुळे नुसता चालवून पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकणार नाही.

तपासणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. तो कोड वाचू लागतो. वाचणे म्हणजे अर्थ लावणे, आणि अर्थ लागू लागला की डोळा स्वल्पविरामावरून सरकून पुढे जातो. मुद्रितशोधन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कथा रंगत गेली की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुटतात, म्हणून जुने मुद्रितशोधक मजकूर उलटा, शेवटच्या शब्दापासून वाचत. कोड तपासतानाही तोच उपाय लागू पडतो. संपूर्ण यादी मनात घेऊन एक-एक ओळ पाहण्याऐवजी एक नियम घ्यायचा आणि त्याच्यासाठी सगळा तुकडा वरून खाली पाहायचा. स्वल्पविरामाचा नियम घेतला तर फक्त स्वल्पविराम शोधायचे. या तुकड्यात ते तीन आहेत : ओळ १, ओळ ३ आणि ओळ १२. पहिल्यानंतर जागा आहे, उरलेल्या दोघांनंतर नाही. नोंदी दोन. मग रिकाम्या ओळींचा नियम, मग नावांचा, मग तुलनांचा. अशा फेऱ्या कंटाळवाण्या होतात, पण काही सुटत नाही. शेवटी सगळ्या नोंदी ओळ-क्रमांकानुसार लावून घ्यायच्या, कारण दुरुस्त करणारा नियमाच्या क्रमाने काम करत नाही, तो फाइलच्या क्रमाने करतो.

या फेऱ्या माणसाने हाताने मारायच्या की यंत्राकडून मारून घ्यायच्या, हा प्रश्न जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतल्या कोडमधील संशयास्पद जागा दाखवणारे एक साधन लिहिले आणि त्याला ‘लिंट’ असे नाव दिले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला कापसाचा भुगा किंवा धागे. कपडा फाटलेला नाही, वापरताही येतो, पण झटकून घेतलेला बरा. तेव्हापासून अशा सर्वच साधनांना लिंटर म्हणतात. पायथनमध्ये पेप ८ चे नियम तपासणारे साधन आधी `pep8` याच नावाचे होते. त्यामुळे लोक साधनाचा निकाल हाच नियमग्रंथ समजू लागले, आणि व्हान रॉसम यांच्या विनंतीवरून २०१६ मध्ये त्याचे नाव बदलून `pycodestyle` करण्यात आले. ही नुसती नावाची हौस नव्हती. पेप ८ मध्ये नियमांबरोबर ते कधी मोडावेत हेही सांगितले आहे. साधनाला तेवढा विवेक नसतो.

`flake8` हे साधन `pycodestyle` आणि न वापरलेली नावे शोधणारे `pyflakes` अशा दोघांना एकत्र चालवते. वरच्या फाइलवर ते चालवले की दहा नोंदी येतात. त्यांतल्या तीन अशा :

```
bill.py:1:1: F401 'os' imported but unused
bill.py:5:12: E711 comparison to None should be 'if cond is None:'
bill.py:9:29: E202 whitespace before ')'
```

ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. आधी फाइलचे नाव, मग ओळ, मग स्तंभ म्हणजे ओळीतले कितवे अक्षर, मग नियमाचा संकेतांक आणि शेवटी आढळलेली गोष्ट. संकेतांकातले पहिले अक्षर कोणत्या गटाचा नियम आहे ते सांगते. E आणि W हे `pycodestyle` चे, F हा `pyflakes` चा. संकेतांक असल्यामुळे वाद घालायला जागा मिळते. ‘हे मला आवडले नाही’ या वाक्याशी वाद घालता येत नाही, पण E711 काय म्हणतो आणि तो इथे लागू आहे का, हे दोघांना एकत्र बसून पाहता येते. माणसाने हाताने नोंद लिहिली तरी तिच्यात हेच भाग हवेत, आणि सोबत मूळ ओळ जशीच्या तशी उतरवलेली हवी. ‘ओळ ५ : `if dar == None:` : None शी तुलना == ने केली आहे, is हवे.’ मूळ ओळ उतरवण्याचा फायदा असा की क्रमांक मोजताना एकाची चूक झाली, तरी वाचणाऱ्याला जागा सापडते आणि क्रमांक चुकल्याचेही लगेच लक्षात येते.

E711 ची नोंद थोडी खोलात पाहिली तर शैली आणि बरोबर-चूक यांच्यामधली रेघ किती पुसट आहे ते कळते. पायथनमध्ये None ही ‘काहीच नाही’ दाखवणारी वस्तू संपूर्ण प्रोग्राममध्ये एकच असते. `is` विचारते की ही तीच वस्तू आहे का. `==` विचारते की या दोघींचे मूल्य समान आहे का, आणि त्याचे उत्तर काय द्यायचे हे वस्तूचा प्रकार लिहिणारा स्वतः ठरवू शकतो. दर म्हणून साधी संख्या आली तर दोन्ही चिन्हांचे उत्तर एकच येईल. पण उद्या दरांचे संपूर्ण कोष्टक आले, तर काही ग्रंथालयांचे कोष्टक `==` ला हो-नाहीऐवजी प्रत्येक घरासाठी एक अशी उत्तरांची रांग परत करते, आणि `if` तिथे अडखळतो. म्हणजे नियम सवयीचा दिसतो, पण त्यामागे खऱ्या चुकीची शक्यता दडलेली असते. स्वल्पविरामानंतरच्या जागेमागे अशी कोणतीही शक्यता नाही. दोन्ही नोंदी एकाच यादीत, एकाच वजनाने आल्या, तर वाचणारा दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करू लागतो. म्हणून चांगल्या तपासणीत नोंदीपुढे तिचे वजन लिहिलेले असते. बदललेच पाहिजे, बदलले तर बरे, किंवा नुसती माहिती. तीन पायऱ्या पुरतात.

आता ओळ ८ आणि ९. `sandesh` नावाच्या चलात एक वाक्य तयार केले आहे, पण ते पुढे कुठेच वापरलेले नाही. ही F841 ची नोंद आहे आणि तिचा क्रमांक ८. त्याच विधानाच्या शेवटी बंद कंसाआधी एक फाजील जागा आहे. ती E202 आणि तिचा क्रमांक ९. विधान एकच, पण नोंदी दोन वेगळ्या ओळींवर. इथे ‘ओळ’ या शब्दाचे दोन अर्थ समोर येतात. एक भौतिक ओळ, म्हणजे फाइलमध्ये एन्टर मारेपर्यंतचा मजकूर. दुसरी तार्किक ओळ, म्हणजे एक संपूर्ण विधान, मग ते कंसामुळे दोन-चार भौतिक ओळींवर पसरलेले का असेना. `pycodestyle` काही नियम भौतिक ओळीवर तपासते, जसे लांबीचा, आणि काही तार्किक ओळीवर, जसे कंसाभोवतीच्या जागांचा. तार्किक ओळ बनवताना ते भौतिक ओळी जोडते, आणि अवतरणातला मजकूर त्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांनी झाकून टाकते. त्यामुळे वाक्याच्या आत कोणी ‘अ,ब’ असे लिहिले असेल, तर तिथल्या स्वल्पविरामाबद्दल तक्रार येत नाही. दोष सापडला की ती जागा पुन्हा मूळ भौतिक ओळीवर नेऊन क्रमांक दिला जातो. हाताने तपासणाऱ्याने अशा जागी काय करावे याचा साधा दंडक आहे. दोष संपूर्ण विधानाचा असेल तर ते जिथे सुरू होते ती ओळ, आणि दोष एखाद्या चिन्हाचा असेल तर ते चिन्ह ज्या ओळीवर आहे ती ओळ. जिथे संभ्रम शक्य आहे तिथे ‘ओळ ८–९’ असा पल्ला लिहिलेला चालतो. ‘ओळ ८ च्या आसपास’ मात्र चालत नाही.

मोजणीच्या इतर चुका बहुतेक ठराविक असतात. रिकाम्या ओळी मोजायच्याच असतात. वरच्या तुकड्यात ओळ २ आणि ११ रिकाम्या आहेत, त्या सोडून मोजले तर `print` ची ओळ दहावी ठरते आणि नोंद `return` वर जाऊन बसते. टिप्पणीच्या ओळीही मोजायच्या. मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून नाही, जरी प्रोग्रामर मंडळींना बाकी सगळे शून्यापासून मोजायची सवय असली तरी. अरुंद पडद्यावर लांब ओळ दुमडून दोन ओळींसारखी दिसते, ती एकच धरायची. आणि तुकडा मोठ्या फाइलच्या मधून उचललेला असेल, तर क्रमांक तुकड्यातला की फाइलमधला हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत सांगायचे. २१० व्या ओळीपासून उचललेल्या तुकड्यातली पाचवी ओळ ही फाइलमधली २१४ वी असते, २१५ वी नव्हे. एकाची ही चूक इतकी सर्रास होते की अहवालातले सगळे क्रमांक एकाने सरकलेले दिसले, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

स्तंभ-क्रमांकात मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. ओळ ८ मध्ये ‘एकूण बिल रुपये’ हा मजकूर आहे. डोळ्यांना त्यात आठ अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा दिसतात, म्हणजे दहा घरे. पण युनिकोडमध्ये ‘कू’ म्हणजे क आणि दीर्घ ऊकार अशी दोन चिन्हे. ‘बि’, ‘रु’ आणि ‘ये’ यांचेही तसेच. त्यामुळे पायथनच्या हिशेबी हा मजकूर १४ चिन्हांचा आहे. तोच मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि बारा चिन्हांचे ३६ व दोन जागांचे २ मिळून ३८ बाइट होतात. दहा, चौदा की अडतीस, हे कोण मोजतो त्यावर ठरते. `pycodestyle` ओळीची लांबी युनिकोड चिन्हांत मोजते, त्यामुळे मराठी वाक्य असलेली ओळ डोळ्यांना साठ-पासष्ट अक्षरांची दिसत असूनही ७९ ची मर्यादा ओलांडल्याची नोंद येऊ शकते. पायथनच्या आत कोडचा वाक्यवृक्ष बनवणारे `ast` हे मॉड्यूल तर स्तंभ बाइटमध्ये देते आणि शून्यापासून मोजते. त्याच्यावर आधारलेल्या साधनाने रूपांतर न करता तो आकडा तसाच छापला, तर मराठी मजकुरानंतरच्या दोषाची जागा ओळीच्या बाहेर कुठेतरी दाखवली जाते. मराठी अक्षरे असलेल्या ओळीसाठी म्हणूनच स्तंभावर फार भिस्त ठेवू नये. ओळ-क्रमांक मात्र यातून सुखरूप राहतो, कारण एन्टर कोणत्याही लिपीत एन्टरच असतो.

कधी यंत्राने दिलेला क्रमांक बरोबर असूनही दोष दुसरीकडे असतो. ओळ ७ वरचा शेवटचा कंस चुकून गाळला, असे समजा. पायथन वाचत पुढे जाते, कारण कंस उघडा असेपर्यंत विधान संपलेले नसते, आणि ओळ ८ वर `sandesh` दिसल्यावर त्याला गोंधळ झाल्याचे कळते. जुन्या आवृत्त्या म्हणून पुढच्या ओळीकडे बोट दाखवत, आणि नवशिका त्या निर्दोष ओळीकडे टक लावून बसे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून, कंस उघडाच राहिला असेल तर तो जिथे उघडला ती जागा दाखवण्याचा प्रयत्न पायथन करते. दोष जिथे लक्षात आला ती ओळ आणि जिथे घडला ती ओळ यांतला फरक तपासणाऱ्याने स्वतः नोंदवावा लागतो. व्याकरणाची अशी चूक असली की `flake8` E999 ही नोंद देते आणि ज्या तपासण्यांना संपूर्ण वाक्यवृक्ष लागतो त्या करतच नाही. त्यामुळे अहवाल एकदम लहान आला, तर कोड स्वच्छ आहे असे समजण्याआधी त्यात E999 आहे का ते पाहायचे.

यंत्राने दिलेल्या दहा नोंदींत एक गोष्ट आली नाही. फंक्शनचे नाव `dudhBill` असे आहे आणि पेप ८ प्रमाणे ते `dudh_bill` हवे. `flake8` सोबत नावांची वेगळी पुरवणी, `pep8-naming`, बसवली नसेल तर हा नियम तपासलाच जात नाही. माणसाने हाताने मारलेली फेरी इथे उपयोगी पडते. ही अकरावी नोंद ओळ ३ ची, पण तिची दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते, कारण तेच नाव ओळ १२ वर वापरले आहे. एकच जागा बदलली तर शैली सुधारेल आणि प्रोग्राम बंद पडेल. नोंदीत ‘ओळ ३, वापर ओळ १२’ असे लिहिणे म्हणून गरजेचे.

याउलट एक गोष्ट दोष दिसते पण नाही. ओळ ७ वर `l*dar` मध्ये गुणाकाराच्या चिन्हाभोवती जागा नाहीत, ओळ ४ वर आहेत. उत्साही तपासणारा लगेच नोंद करेल. पण पेप ८ ने गणिती चिन्हांभोवतीच्या जागा बऱ्याच अंशी लिहिणाऱ्याच्या तारतम्यावर सोडल्या आहेत, आणि `pycodestyle` मध्ये हा नियम, E226, मुळातच बंद ठेवलेला आहे. बंद ठेवलेल्या नियमांत आणखी एक गमतीदार जोडी आहे. W503 म्हणतो की ओळ गणिती चिन्हाच्या आधी तोडू नये, W504 म्हणतो की चिन्हानंतर तोडू नये. दोन्ही चालू केले तर लांब बेरीज कशीही तोडली तरी तक्रार येणारच. यादी वापरण्याआधी ती स्वतःशी भांडत नाही ना, हे पाहावे लागते. तपासणाऱ्याची स्वतःची आवड तर यादीत नसतेच. तिला अहवालात क्रमांक देऊन बसवणे हा तपासणीतला सर्वांत त्रासदायक दोष आहे, कारण एक नोंद खोटी ठरली की उरलेल्या दहांवरचा विश्वासही उडतो.

शैलीच्या यादीबाहेरच्या पण महत्त्वाच्या गोष्टी दिसल्या तर त्या गिळून टाकायच्या नाहीत, वेगळ्या ठेवायच्या. या तुकड्यात अशा दोन आहेत. ओळ ६ वर दर माहीत नसेल तर बिल शून्य रुपये येते, आणि दर माहीत नसणे व दूध फुकट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळ ४ वर दीड लिटर हा आकडा थेट कोडमध्ये कोरला आहे. पाहुणे आले आणि दोन लिटर घेतले, तर तो शोधत बसावे लागेल. पहिल्याचे उत्तर कोड लिहिणाऱ्याकडेही नसेल, ते बिल भरणाऱ्या घराला विचारावे लागेल. असे प्रश्न अहवालाच्या तळाशी, नियमाच्या संकेतांकाशिवाय, पण ओळ-क्रमांकासह लिहिले जातात.

दुरुस्तीची वेळ आली की ओळ-क्रमांकांचा स्वभाव उघड होतो. ते ठिसूळ असतात. अहवालातल्या पहिल्या दोन नोंदी ओळ १ च्या आहेत : `os` वापरलेले नाही आणि एका ओळीत दोन मॉड्यूल आणली आहेत. दुसरी नोंद आधी वाचून कोणी ओळीचे दोन तुकडे केले, तर खालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात, आणि ‘ओळ ५’ शोधायला गेलेला माणूस भलत्याच ओळीवर पोचतो. पहिली नोंद आधी पाळली तर `os` निघून जाते, ओळीत एकच मॉड्यूल उरते, आणि दुसरी नोंद आपोआप मिटते. नोंदी अकरा म्हणजे दुरुस्त्या अकरा, असे नसते. क्रमांक सरकण्यावर उपाय म्हणजे अहवाल तळापासून वर दुरुस्त करत जायचे. ओळ १२ च्या आधी रिकामी ओळ घातली तरी ओळ ९ जागची हलत नाही.

तसे करत गेले की फाइल अशी होते :

```
 1  import math
 2
 3
 4  def dudh_bill(divas, dar):
 5      litre = divas * 1.5
 6      if dar is None:
 7          return 0
 8      rakkam = math.ceil(litre*dar)
 9      return rakkam
10
11
12  print(dudh_bill(30, 62))
```

दोन ओळी गेल्या, दोन रिकाम्या ओळी आल्या, आणि `print` पुन्हा बाराव्याच ओळीवर आले. हा योगायोग फसवा आहे. जुना अहवाल या फाइलशेजारी ठेवला तर ओळ १२ जुळते, म्हणून बाकीच्याही जुळतील असे वाटते. पण ‘ओळ ५ : None शी तुलना’ ही नोंद आता लिटरच्या गुणाकाराकडे बोट दाखवते. अहवाल फाइलच्या कोणत्या आवृत्तीचा आहे ते त्याच्या माथ्यावर लिहिलेले असले की हा घोळ होत नाही, आणि दुरुस्तीनंतर जुन्या अहवालावर खुणा करत बसण्यापेक्षा तपासणी नव्याने केलेली बरी.

एखादी नोंद विचार करून नाकारायचीही असू शकते. समजा गणिताच्या सूत्रात `l` हेच नाव रूढ आहे आणि लिहिणाऱ्याला ते ठेवायचे आहे. त्या ओळीच्या शेवटी `# noqa: E741` अशी टिप्पणी लिहिली की `flake8` त्या ओळीवर तेवढाच नियम सोडून देते. नुसते `# noqa` लिहिले तर त्या ओळीवरचे सगळेच नियम गप्प होतात, उद्या तिथे खरा दोष आला तरी. संकेतांकासह लिहिलेली सूट ओळीलाच चिकटलेली असल्यामुळे क्रमांक कितीही सरकले तरी ती सोबत जाते.

सुधारलेल्या फाइलवर `flake8` पुन्हा चालवले की पडद्यावर काहीच उमटत नाही. सांगण्यासारखे काही नसेल तर हे साधन गप्प राहते. दर माहीत नसताना बिल शून्य का यावे, हा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. आता तो ओळ ७ वर आहे.